किती टक्के, ताई?

"दादा, एवढी आकृती ए३ वर मोठी करून द्या."

"किती टक्के, ताई?"

"अं… पानभर येईल एवढी."

विज्ञान प्रदर्शनाच्या आठवड्यात शाळेजवळच्या कुठल्याही झेरॉक्सच्या दुकानात हा संवाद ऐकू येतो. पुढे काय होतं तेही ठरलेलं असतं. दादा अंदाजाने दोनशे टक्के टाकतात. हृदयाची आकृती कागदाच्या एका बाजूला येते आणि बाकीचा कागद कोरा राहतो. मग ते साडेतीनशे टाकतात. आता आकृती भरगच्च येते, पण महाधमनीच कागदाबाहेर गेलेली असते. तिसरी प्रत बऱ्यापैकी जमते. वाया गेलेल्या दोन ए३ कागदांचे पैसे घ्यायचे की नाही, यावर दादा आणि ताई दोघेही जरा अवघडतात. पट्टी आणि मोबाइलमधला कॅल्क्युलेटर वापरला असता तर पहिल्याच प्रतीत काम झालं असतं. गणित चौथीतल्या भागाकाराचं आहे. अडचण एवढीच, की भागाकार कशाचा करायचा हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं.

यंत्राच्या पडद्यावर दिसणारा टक्का लांबीचा असतो. शंभर टक्के म्हणजे जशास तसं. दोनशे टक्के म्हणजे मूळ कागदावरची प्रत्येक लांबी दुप्पट: एक सेंटिमीटरची रेघ दोन सेंटिमीटरची होते, आडवीही आणि उभीही. दोन्ही दिशांना दुप्पट झाल्यावर जागा मात्र चौपट लागते. म्हणून "डबल करून द्या" असं कुणी सांगितलं, की काउंटरवरच्या माणसाने खरं तर विचारायला हवं, रेघ डबल की कागद डबल? साधारण पोस्टकार्डाएवढ्या, ए६ मापाच्या चित्राची प्रत दोनशे टक्क्यांवर काढली, तर ती ए४ कागद पूर्ण भरते. त्या ए४ वर मूळ चित्रं मात्र चार बसतात.

मग कागद डबल हवा असेल तर? दोन ए४ कागद लांब बाजूने शेजारी शेजारी ठेवले की ए३ होतो. क्षेत्रफळ नेमकं दुप्पट, पण त्यासाठी टक्का लागतो १४१. कारण १.४१ ला १.४१ ने गुणलं की जवळजवळ दोन येतात. उलट ए३ चा ए४ करायचा तर ७१ टक्के. यंत्रावर हे दोन आकडे तयार बटणांच्या रूपात असतात आणि दुकानदाराच्या बोटांना ते पाठ असतात. ही सोय कागदाच्या मापातच आहे. ए४ ची रुंदी २१० मिलिमीटर आणि लांबी २९७ मिलिमीटर. लांबीला रुंदीने भागलं तर १.४१४ येतात, म्हणजेच दोनचं वर्गमूळ. या प्रमाणाचा कागद मधोमध दुमडला की अर्ध्या कागदाचं प्रमाणही तेच राहतं. जर्मन शास्त्रज्ञ लिश्टेनबर्ग यांनी १७८६ मधल्या एका पत्रात या प्रमाणाची ही खुबी नोंदवली होती. तिच्यावर उभं राहिलेलं 'ए' मापांचं प्रमाणीकरण जर्मनीत १९२२ साली झालं. म्हणून ए४ वरचं पान १४१ टक्क्यांनी ए३ वर नेलं की चारही बाजूंनी बरोबर बसतं, कुठे कापलं जात नाही की कुठे पट्टा उरत नाही.

लीगल कागद या घराण्यातला नाही. तो साधारण २१६ बाय ३५६ मिलिमीटर, म्हणजे ए४ पेक्षा रुंदीला जेमतेम जास्त आणि लांबीला बराच जास्त. ए४ चं पान लीगलवर "मोठं" करून मागणारे पुष्कळ असतात. त्यांना १०२ टक्क्यांपलीकडे काही मिळत नाही, कारण त्याच्या वर रुंदी कापली जाते. खालचा रिकामा पट्टा हा दुकानदाराचा दोष नव्हे.

टक्का इतक्या सहज बदलता येणं ही सोय यंत्राबरोबर पहिल्या दिवसापासून आलेली नाही. चेस्टर कार्लसन यांनी न्यूयॉर्कमधल्या अ‍ॅस्टोरिया भागात २२ ऑक्टोबर १९३८ रोजी पहिली कोरडी प्रत काढली. तिच्यावर तारीख आणि जागेचं नाव एवढंच होतं. या तंत्रावरचं झेरॉक्स ९१४ हे साध्या कागदावर प्रती काढणारं यंत्र १९५९ साली आलं. ९ बाय १४ इंचांपर्यंतचा कागद घेतं म्हणून त्याचं नाव ९१४. ते मूळ मापाचीच प्रत देई. लहानमोठं करणारी यंत्रं नंतर आली आणि त्यांत भिंग प्रत्यक्ष पुढे-मागे सरकत असे. गंमत अशी, की भिंगाने एकाच दिशेचं काम भागायचं. दुसऱ्या दिशेने लहानमोठं करायला मूळ कागदाखालून सरकणाऱ्या दिव्याचा वेग बदलावा लागे. प्रतिमा घेणारा ढोल आपल्या ठरलेल्या वेगाने फिरतो आणि दिवा निम्म्या वेगाने सरकतो, तेव्हा त्या दिशेने प्रतिमा दुप्पट ताणली जाते. आजच्या डिजिटल यंत्रात कागद आधी वाचला जातो आणि बाकीचं काम आकडेमोडीने होतं. पण दोन दिशांचे दोन वेगळे टक्के देण्याची सोय बऱ्याच यंत्रांत आजही असते. चुकून तिला हात लागला तर गोल लंबगोल होतो. प्रतीतली माणसं अचानक लठ्ठ किंवा उंच दिसू लागली, तर आधी तिथे बघावं.

आता ताईंच्या हृदयाकडे येऊ. पुस्तकातली आकृती पट्टीने मोजली. नावांच्या रेघांसह ती ९० मिलिमीटर रुंद आणि १२० मिलिमीटर उंच आहे. मोजायची ती आकृती, पुस्तकाचं पान नव्हे. ए३ कागद २९७ बाय ४२० मिलिमीटरचा. पण त्यातली सगळी जागा वापरता येत नाही. कडेच्या साधारण चार-पाच मिलिमीटरांत यंत्र छापतच नाही. शिवाय तक्ता भिंतीवर लावायचा, तर टाचण्यांसाठी आणि डोळ्याला बरं दिसावं म्हणूनही थोडा समास हवा. चारही बाजूंनी १५ मिलिमीटर सोडले तर आकृतीसाठी २६७ बाय ३९० मिलिमीटर जागा उरते.

मग दोन भागाकार. रुंदीसाठी २६७ भागिले ९०, उत्तर २.९६६. उंचीसाठी ३९० भागिले १२०, उत्तर ३.२५. शंभराने गुणून टक्के झाले २९६ आणि ३२५. यांतला लहान आकडा घ्यायचा. सगळं गणित एवढंच. मोठा आकडा घेतला तर उंची कागदात मावते, पण रुंदी २९२ मिलिमीटर होते आणि दोन्ही कडांच्या रेघा न छापल्या जाणाऱ्या पट्ट्यात जातात. २९६ टक्क्यांवर आकृती २६६ मिलिमीटर रुंद आणि ३५५ मिलिमीटर उंच येईल. उंचीच्या दिशेने ६५ मिलिमीटर शिल्लक राहतात. त्यातले १५ खालच्या समासाला दिले, की वरचे ५० मिलिमीटर मथळ्याला. "मानवी हृदयाची रचना" हे जाड स्केचपेनने लिहायला ती जागा पुरेशी आहे.

काचेवर ठेवायच्या आधी आणखी एक गोष्ट ठरवायची, आडवं की उभं. आकृती उभी आणि कागद आडवा, अशी जोडी लागली तर वरचे दोन्ही भागाकार बदलतात. मोठ्या यंत्रावर ए३ कागदाची लांब बाजू काचेच्या लांबीच्या दिशेने धरलेली असते. म्हणून मूळ आकृतीचीही लांब बाजू त्याच दिशेने ठेवावी. आकृती उभी असली तर तिला काचेवर निजवायची.

आकडा बरोबर टाकूनही प्रत बिघडते, ती इथून पुढे. काचेच्या कडेला मापाची पट्टी असते आणि एका कोपऱ्यात बाण किंवा त्रिकोण कोरलेला असतो. यंत्र त्या कोपऱ्यापासून मोजतं. कोपरा जागच्या जागी राहतो आणि बाकी सगळं त्याच्यापासून दूर ताणलं जातं. म्हणजे आकृती कोपऱ्यापासून ४० मिलिमीटर आत असेल, तर २९६ टक्क्यांवर ती कागदाच्या कडेपासून ११८ मिलिमीटर आत सुरू होते. पुस्तक नेहमीच्या सवयीने कोपऱ्याला भिडवून ठेवलं, की आकृतीसोबत पानाचा कोरा समासही तिप्पट होतो. मग एका बाजूला वीतभर पांढरं आणि दुसऱ्या बाजूला आकृती कापलेली. लोक म्हणतात टक्का जास्त झाला. टक्का बरोबर असतो, जागा चुकलेली असते.

हवी ती जागाही भागाकारानेच निघते. प्रतीत १५ मिलिमीटर समास हवा आणि टक्का २९६ आहे, तर मूळ आकृती कोपऱ्यापासून १५ भागिले २.९६, म्हणजे ५ मिलिमीटर दूर हवी. दोन्ही दिशांना पाच-पाच. आकृतीची खालची बाजू कोपऱ्याकडे ठेवली, तर मथळ्याची जागा आपोआप पलीकडच्या टोकाला येते. काही यंत्रांत प्रतिमा मध्यावर आणायची सोय असते, पण यंत्राला मूळ कागदाचं माप ठाऊक असेल तरच ती नीट चालते.

आता पुस्तकाच्या मध्यावरची आकृती कोपऱ्यापासून पाच मिलिमीटरवर कशी आणायची? पान फाडायचं नाही, हे उघड आहे. आधी शंभर टक्क्यांची एक चांगली प्रत काढावी. पुस्तक काचेवर तळहाताने सपाट दाबून धरायचं, कारण शिवणीजवळचा भाग काचेपासून उचलला जातो आणि तिथे काळी सावली पडून अक्षरं पुसट होतात. प्रतीतून आकृती कात्रीने कापून घ्यायची आणि कोऱ्या ए४ कागदावर कोपऱ्यापासून पाच-पाच मिलिमीटर सोडून डिंकाने चिकटवायची. या कात्रणाचा आणखी एक फायदा आहे. आजूबाजूचा मजकूर निघून जातो आणि आकृतीच्या आत आलेली पुस्तकातली बारीक नावंही पांढऱ्या शाईने झाकता येतात. ती झाकावीतच. पुस्तकातलं दोन मिलिमीटरचं अक्षर तिप्पट होऊन सहा मिलिमीटरचं होतं. पहिल्या बाकावरून ते दिसेल, पण शेवटच्या बाकावरून "डावी कर्णिका" आणि "डावी जवनिका" यांतला फरक वाचता येणार नाही. रेघा यंत्राच्या, नावं हाताची, ही वाटणी शाळेच्या तक्त्याला उत्तम.

"ऑटो करा की, आपोआप बसेल," असा सल्ला रांगेतला कुणीतरी देतोच. ऑटो झूम म्हणजे यंत्र मूळ कागदाचं माप ओळखतं, ट्रेमधल्या कागदाचं माप बघतं आणि वरचाच भागाकार स्वतः करतं. ए४ चा ए३ करायला ते छान आहे. पण माप ओळखायला काचेखाली मोजकेच संवेदक असतात आणि त्यांना ए५, ए४, ए३ यांसारखी ठरलेली मापंच कळतात. नऊ बाय बारा सेंटिमीटरचं कात्रण, पॅनकार्ड किंवा पासपोर्ट फोटो त्यांच्या नजरेतच येत नाही. मग एक तर यंत्र माप ओळखता आलं नाही म्हणून थांबतं, नाही तर कात्रण ज्या ए४ वर चिकटवलं तो ए४ मोजून १४१ टक्के लावतं. लहान मूळ असेल तेव्हा ऑटो बंद करून आकडा हातानेच टाकायचा. कागदाची ऑटो निवडही बंद करायची आणि ए३ चा ट्रे स्वतः निवडायचा. नाही तर टक्का वाढवल्यावर यंत्र स्वतःच्या हिशोबाने दुसरा कागद मागत बसतं.

छोट्या मुळाच्या मागे पांढरा कागद ठेवून झाकण लावणंही विसरू नये. झाकण उघडं राहिलं तर कात्रणाभोवतीचा काळोखही छापला जातो, तोही तिप्पट. मग टोनर वाया जातो आणि दुकानदाराचा चेहरा बदलतो.

पॅनकार्ड, वाहन परवाना यांसारख्या कार्डांचं माप जगभर एकच असतं, ८५.६ बाय ५४ मिलिमीटर. आडव्या ए४ वर एकच बाजू पानभर हवी असेल, तर कड सोडून २८७ भागिले ८५.६, म्हणजे साधारण ३३५ टक्के. पण एवढ्या मोठ्या कार्डाचा कुणाला उपयोग नसतो. दोनशे टक्क्यांवर एक बाजू १७१ बाय १०८ मिलिमीटरची होते. पुढची आणि मागची बाजू एकाखाली एक ठेवली तरी उभ्या ए४ मध्ये दोन्ही आरामात मावतात आणि बारीक अक्षरंही वाचता येतात. बँकेच्या कामाला एवढं पुरे.

आता प्रश्न उरतो तो स्पष्टपणाचा. मोठं केल्याने मूळ चित्रात नसलेली माहिती येत नाही, असलेली पसरते. यंत्र साधारण इंचाला सहाशे ठिपके या बारकाईने मूळ वाचतं. चारशे टक्क्यांवर तेच ठिपके चौपट लांबीत पसरतात, म्हणजे प्रतीच्या इंचाला मुळातल्या दीडशेच ठिपक्यांची माहिती उरते. भिंतीवरच्या तक्त्याला ती पुरते. हातात धरून बघायच्या चित्राला पुरत नाही, तिरक्या रेघांच्या कडा करवतीसारख्या दिसू लागतात. रेघेची जाडीही लांबीच्या हिशोबानेच वाढते. ०.२ मिलिमीटरची नाजूक रेघ ३०० टक्क्यांवर ०.६ मिलिमीटरची होते. आकृतीला ते मानवतं, चेहऱ्याच्या रेखाटनाला नाही.

पुस्तकातल्या फोटोची गोष्ट निराळी. छापील फोटो म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांची जाळी. भिंगातून पाहिलं की ती दिसते. तो तिप्पट केला की भिंगाची गरजच उरत नाही. वर जाळीचे ठिपके आणि यंत्राचे ठिपके एकमेकांत मिसळून प्रतीवर लाटांसारखे पट्टे उमटतात. अशा वेळी यंत्राला मजकुराऐवजी फोटोच्या किंवा मजकूर-फोटो अशा मिश्र पद्धतीवर टाकलं तर पट्टे थोडे दबतात, पूर्ण जात नाहीत. उलट साध्या रेषाकृतीला मजकुराचीच पद्धत हवी. तिथे फोटोची पद्धत लावली की पांढऱ्या जागेवर करडी झाक येते. मूळ कागदावर पेन्सिलीच्या रेघा असतील तर आधी काळ्या पेनाने गिरवाव्यात. गिरवण्याची पाच मिनिटं नंतरच्या तीन प्रती वाचवतात.

बहुतेक मोठ्या यंत्रांत टक्का २५ ते ४०० एवढाच जातो. त्यापुढे जायचं तर टप्प्याटप्प्याने, आणि इथे टक्क्यांचा दुसरा नियम लागतो. टक्के बेरजेने वाढत नाहीत, गुणाकाराने वाढतात. दोनशेची प्रत पुन्हा दोनशेवर टाकली की चारशे होते. हे शून्यांमुळे सहज पटतं. पण दीडशेची प्रत पुन्हा दीडशेवर टाकली तर २२५ होते, तीनशे नव्हे.

समजा ताईंना हृदय चार ए३ कागद जोडून हवं आहे. आधी मूळ आकृती २४८ टक्क्यांवर एका ए३ वर काढू. ती होते २२३ बाय २९८ मिलिमीटर. तिचे चार भाग करायचे, पण जोडताना एकमेकांवर चढावेत म्हणून प्रत्येक भागात मधल्या रेघेपलीकडची पाच मिलिमीटरांची पट्टी घ्यायची. पाच मिलिमीटर जास्त घ्यायचे असल्याने कात्रीने सरळ चार तुकडे करून चालत नाही. काचेवर चार वेळा सरकवून ठेवायचं किंवा पहिल्या टप्प्याच्या चार प्रती काढून त्यांतून एकेक भाग कापायचा. प्रत्येक भाग ११७ बाय १५४ मिलिमीटरचा झाला. तो २४० टक्क्यांवर २८१ बाय ३७० मिलिमीटरचा होतो आणि ए३ मध्ये कड सोडून बसतो. एकूण वाढ झाली २.४८ गुणिले २.४०, म्हणजे ५९५ टक्के. जोडलेलं हृदय ५३५ मिलिमीटर रुंद आणि ७१४ मिलिमीटर उंच. चारही भागांचा टक्का तंतोतंत एकच हवा. एका भागाला २४० आणि दुसऱ्याला २४२ लागले, तरी ३७० मिलिमीटरच्या जोडावर तीन मिलिमीटरचा फरक पडतो आणि रक्तवाहिनी तुटलेली दिसते. म्हणून हे चारही कागद एकाच बैठकीत, एकाच यंत्रावर काढावेत. उरलेला एक उद्या घेऊ, असं करू नये.

गुणाकाराचा हाच नियम चुकलेली प्रत सुधारायला कामी येतो. मूळ कागद घरी राहिला आहे, हातात ८० टक्क्यांची प्रत आहे आणि तिच्यावरून मूळ माप हवं आहे. बहुतेक जण २० टक्के कमी झाले म्हणून १२० टाकतात. येतं ९६ टक्के. हवं असतं १०० भागिले ०.८०, म्हणजे १२५. तसंच १३० टक्क्यांची प्रत थोडी लहान वाटली आणि मुळाच्या दीडपट हवी असेल, तर १५० भागिले १.३०, म्हणजे ११५ टक्के. अर्थात मूळ हाताशी असेल तर प्रतीची प्रत काढू नये. प्रत्येक फेरीत बारीक रेघ थोडी जाड होते किंवा तुटते, आणि यंत्राच्या काचेवरचा एखादा डाग कायमचा चित्रात येऊन बसतो.

लहान करण्याचं गणित हेच, फक्त धोके वेगळे. लीगल कागद ए४ वर आणायचा तर रुंदीला ९७ टक्के चालतात, पण लांबीला २९७ भागिले ३५६, म्हणजे ८३. लहान आकडा ८३, तोच घ्यायचा. कागद भरलेला असेल तर कडेसाठी आणखी दोन-तीन टक्के कमी. इथे बिघडतं ते अक्षर, आणि देवनागरीचं आधी बिघडतं. इंग्रजी अक्षर एकाच ओळीत चालतं. आपल्या अक्षराच्या डोक्यावर रफार, मात्रा, अनुस्वार आणि पायाशी उकार असतात. ५० टक्क्यांवर नेलेल्या बारीक मजकुरात शब्द ओळखू येतो, पण अनुस्वाराचा ठिपका शिरोरेघेत मिसळून जातो आणि 'ष' आणि 'प' यांत फरक करणारी तिरकी रेघ भरून जाते. वाचणारा अंदाजाने पुढे जातो. आडनाव, गट क्रमांक, रक्कम अशा जागी अंदाज चालत नाही. म्हणून कागदपत्र लहान करताना प्रत हातात आल्यावर सगळ्यात बारीक ओळ शोधून तीच वाचून बघावी, मथळा नव्हे.

आणि शेवटी नकाशे, कारण तिथे चुकलेला टक्का नुसता कुरूप दिसत नाही, तो खोटं सांगतो. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. सह्याद्रीत भटकणारे त्यातला आपल्याला हवा तेवढा गडाचा भाग मोठा करून नेतात. दोनशे टक्क्यांवर तो १:२५,००० होतो आणि चार सेंटिमीटर म्हणजे एक किलोमीटर. पण प्रतीवर छापलेलं "१:५०,०००" तसंच राहतं. त्यावर भरवसा ठेवून दोन सेंटिमीटरला एक किलोमीटर धरलं, तर दोन किलोमीटरची सोंड चार किलोमीटरची वाटते. १४१ टक्क्यांवर एक किलोमीटर २.८ सेंटिमीटरचा होतो, जो मनातल्या मनात मोजणं कठीण. समोच्च रेषांमधला उंचीचा फरक मात्र बदलत नाही. वीस मीटरला एक रेघ असेल, तर कितीही मोठी केली तरी वीसच मीटरला एक राहते. फक्त रेघांमधलं अंतर वाढल्याने चढ सौम्य वाटतो.

नकाशाखाली छापलेली किलोमीटरची पट्टी मात्र कधी खोटं बोलत नाही, कारण ती नकाशाबरोबर तेवढीच मोठी होते. म्हणून नकाशाचा तुकडा कापताना ती पट्टीही कापून त्याच कागदावर चिकटवा. पट्टी नसेल तर मोठं करण्यापूर्वी मूळ कागदाच्या कोऱ्या कडेला पेनाने बरोबर दहा सेंटिमीटरची रेघ ओढा. प्रत आली की ती रेघ पट्टीने मोजा. २०० टक्क्यांवर ती २० सेंटिमीटर यायला हवी. एखादा-दोन मिलिमीटर फरक पडला तर सोडून द्या, तेवढं यंत्रही चुकतं आणि टोनर पक्का करणाऱ्या उष्णतेने कागदही किंचित आक्रसतो. जास्त फरक असेल तर प्रत परत करा आणि टक्का पुन्हा बघायला सांगा. हे सगळं काउंटरवरच करा, घरी गेल्यावर नव्हे.